आबांना झोप लागली नव्हती

"मेंदूत रक्तस्राव झालाय," डॉक्टर म्हणाले. "हॅमरेज. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटलीय आणि रक्त आत साचून मेंदू दाबला जातोय. वय पाहता ऑपरेशन झेपणार नाही."

बोईसरच्या एका खासगी रुग्णालयात सीटी स्कॅनची फिल्म त्यांनी उजेडावर धरली होती. सकाळी वाडीत चिकू उतरवून घेताना माझे सासरे, आमचे आबा, डोकं दुखतंय म्हणत खाली बसले होते. रेखाताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, पाणी दिलं तर तांब्या हातातून निसटला. तोंड वाकडं झालं. चिंचणीजवळच्या आमच्या गावातून रिक्षानं आणेपर्यंत ते बोलायचे थांबले होते.

ज्यांच्या घरात लहान मूल आहे आणि माणूस आयसीयूत आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आबांच्या आजारपणात आम्ही घाबरलो होतोच. पण खरी भीती त्यानंतर घरात आली आणि ती माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या, जुईच्या, पोटात जाऊन बसली.

आबांना व्हेंटिलेटर लावला. श्वासनलिकेत नळी घालून यंत्र श्वास देतं. नळी सहन व्हावी म्हणून सिडेशन देतात, म्हणजे औषधानं गुंगीत ठेवतात. जुई आबांना बघायचंच म्हणून हटून बसली, तेव्हा नर्सनं तिला काचेतून दाखवलं. डॉक्टर तिथेच होते. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आजोबांना झोपवून ठेवलंय हां आम्ही."

त्या वेळी ते अगदी बरोबर बोलले होते.

आठवडाभरात आबा गेले. त्यांना घरी आणून ओटीवर ठेवलं. जुई त्यांच्याजवळ जाऊन हाक मारू लागली, तशी रेखाताईंनी तिला पोटाशी धरलं. "आबा झोपले हायत गो. उठवू नको त्यांना." ताईंचे स्वतःचेच डोळे वाहत होते. मायेनं बोलल्या त्या. मीही ऐकलं आणि गप्प राहिले, कारण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

मग पुरुषमाणसं आबांना घेऊन गेली. वाडीपलीकडे खाडीच्या अंगाला स्मशान आहे. तिकडून धूर वर आला तेव्हा अंगणातल्या मुलांनी जुईला सांगितलं, तिकडे काय करतात ते.

तेराव्यानंतर आम्ही बोईसरला आमच्या घरी परतलो. माझा नवरा नितीन तारापूरच्या कारखान्यात पाळीनं काम करतो. रात्रपाळी करून आला की दुपारपर्यंत झोपतो. पहिल्याच दिवशी जुईची किंकाळी ऐकून मी स्वयंपाकघरातून धावले. ती बापाच्या छातीवर बसून त्याच्या गालांवर मारत होती. नितीन दचकून उठला.

मग रोज तेच. तो झोपला की ही त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. स्वतः झोपायला तयार नसायची. डोळे मिटू लागले की उठून बसायची. पोटात दुखतं म्हणायची. का विचारलं तर एक शब्द नाही. शेजारणीनं दृष्ट काढून बघितली. मला वाटू लागलं, हिलाही मोठं काहीतरी झालंय. आता आपल्या घरात कुणीच सुखरूप नाही, असं मनात यायचं.

पालघरला लहान मुलांच्या डॉक्टरीण आहेत. त्यांनी पोट तपासलं, रक्त-लघवी बघितली. सगळं ठीक होतं. मग जुईला बाहेर टाकीतले मासे बघायला बसवून त्यांनी मला विचारलं, घरात काय घडलं? मी सांगितलं.

"तिला आजोबांना पत्र लिहू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही शेजारी बसा. काय लिहायचं ते सांगू नका, शुद्धलेखन सुधारू नका. अडली तर साधा प्रश्न विचारा. आणि 'देवाघरी गेले', 'झोपले' असं म्हणू नका. 'मेले' म्हणा. कठीण जाईल तुम्हाला, पण मुलांना सरळ शब्द कळतो."

रविवारी आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो. मी पुढ्यात कोरे कागद ठेवले. जुईनं शाळेत शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली. तीर्थरूप आजोबांस, मी येथे खुशाल आहे. मग थांबली. "पत्ता काय लिहू?"

मी खरं तेच सांगितलं, "मलाही माहीत नाही. जागा मोकळी सोड."

तिनं माझ्याकडे बघितलं. आईला माहीत नसतं, हे तिला नवीन असावं. तिनं तो कागद बाजूला सारला आणि दुसरा घेतला. आबांची काय आठवण येते, एवढंच मी विचारलं. तिनं लिहिलं की तुम्ही केळीच्या पानावर माझं नाव काडीनं लिहायचात. मग काय आवडलं नाही, असं विचारलं. "तुमी नळी लावली ते मला आवडलं नाही," तिनं लिहिलं. 'तुमी' तसंच राहू दिलं. आबा तसंच बोलायचे.

"आबांना काही विचारायचंय का?"

पेन्सिल थांबली. मला वाटलं, उठून जाईल. मग ती कागदाकडे बघतच म्हणाली,

"आबांना तिथे जाग आली असेल ना? भाजल्यावर?"

सगळं एका क्षणात कळलं. डॉक्टरांनी झोपवलं, आत्यानं उठवू नको म्हटलं, म्हणून तिनं उठवलं नाही, आणि आम्ही झोपलेल्या माणसाला जाळून आलो. इतके दिवस ती हे घेऊन एकटी जगत होती.

मला रडू फुटत होतं, पण आधी बोलणं भाग होतं. "नाही. आबा झोपले नव्हते. आबा मेले होते."

तिचा हात मी तिच्याच छातीवर ठेवला. झोपेतही हे धडधडतं, श्वास चालतो, चिमटा काढला तर जाग येते, असं सांगितलं. माणूस मरतो तेव्हा हे सगळं थांबतं आणि पुन्हा सुरू होत नाही. मग दुखत नाही, भाजत नाही, भीतीही वाटत नाही. हॉस्पिटलात ते आधी झोपेच्या औषधात होते, नंतर मेले. आम्ही मोठ्यांनी दोन्हीला एकच शब्द वापरला, ते चुकलं.

"पण नक्की कसं कळलं?"

आमचं बोलणं ऐकून नितीन दारात आला होता. तो तिच्याजवळ खाली बसला. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, मग ईसीजीची, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची, पट्टी काढली, असं त्यानं सांगितलं. "पट्टीवर रेघ सरळ होती, जुई. मी पाहिली. हात पण मीच धरला होता."

"गार होता?"

"हो."

मग ती रडली. आबा गेल्यापासून पहिल्यांदा. आम्ही तिला थांबवलं नाही.

संध्याकाळी तिनं पत्र पुरं केलं. तो प्रश्न आधी लिहून काढला, त्याखाली लिहिलं, "आईने सांगितले तुम्हाला दुखले नाही. बरे झाले." पत्राचं काय करायचं ते तिच्यावर सोडलं. रेखाताई फोनवर म्हणाल्या, खाडीत सोडूया. जुई नको म्हणाली, भिजेल. पुढल्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा तिनं ते आबांच्या ठेवणीतल्या शर्टाच्या खिशात घातलं आणि कपाट लावून घेतलं.

भीती एका पत्रानं जात नाही. अजून काही दिवस दिवा चालू ठेवून झोपावं लागलं. पण पोटदुखी थांबली, आणि ती विचारू लागली. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेत ते.

मागच्या आठवड्यात भाजी निवडताना तिनं विचारलं, "आई, तू कधी मरशील?"

पूर्वी मी तिच्या तोंडावर हात ठेवला असता. आता म्हटलं, "माहीत नाही. तू खूप मोठी होईपर्यंत मी असेन असं वाटतं. आणि नसले तर बाबा आहे, आत्या आहे."

तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"आत्या कालवण फार तिखट करते," ती म्हणाली. "तिला आत्ताच सांगून ठेव."