कंपनीने घातलेली टोपी

२० डिसेंबर. काम : तेरवीच्या फोटोतली टोपी बदलणे.

आर्णीत माझा फोटो स्टुडिओ होता. दुपारी एक मावशी आणि त्यांचा मुलगा आले, वडिलांची तेरवी दुसऱ्या दिवशी होती. माणूस साठीपुढचा, झोपेत गेलेला. एवढ्या आयुष्यात त्याचा एकट्याचा फोटो एकच निघाला होता, आणि तो काढला होता बियाण्याच्या कंपनीने, आदल्या वर्षी शिवारफेरीच्या दिवशी. फोटो चांगला होता. डोक्यावर कंपनीने फुकट वाटलेली हिरवी टोपी, पुढे छज्जा, छज्ज्यावर बियाण्याचे नाव ठसठशीत. त्याच बियाण्याच्या बोंडांत यंदा गावभर अळी निघाली होती.

"जित्तेपणी टोपी घातली कंपनीनं," मावशी म्हणाल्या, "आता भितीवर बी तेच घालून ठेवू का? मले त्यायची पांढरी टोपी पायजे."

"त्यांची स्वतःची टोपी आहे का घरी?"

"डोक्यावरच होती. संगंच गेली."

पांढरी टोपी घातलेले त्यांचे फोटो होते ते गर्दीतले, टोपी नखाएवढी. मग मुलाने मोबाइलमधले इतरांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. मी त्याला थांबवले. आधी मूळ फोटो वाचायचा, मग टोपी शोधायची. उलटे केले की डोके एका गावचे आणि टोपी दुसऱ्या गावची दिसते.

नाकाची सावली त्यांच्या डाव्या गालावर लांब पडलेली होती, कडा रेखीव. म्हणजे ऊन उजवीकडून, तिरपे, सूर्य बुडायच्या बेतात. पांढरा सदरा उजव्या खांद्यावर पिवळसर आणि सावलीतल्या बाजूला किंचित निळसर. उजेड उबदार, रंगाच्या मापात साधारण साडेतीन हजार केल्विनचा. कपाळावर छज्ज्याची तिरपी सावली होती, तीही पुसून कातडी उजळावी लागणार होती, कारण पांढऱ्या टोपीला छज्जा नसतो.

"आता दाखव."

मामाची टोपी लग्नातली. समोरून फ्लॅश मारलेली, सपाट, पापडासारखी. जावयाची मांडवाच्या सावलीतली, निळी. मुलगा म्हणाला, "हे मस्त पांढरी हाये, ताई."

"तीच ह्यांच्या डोक्यावर ठेवली तर निळी दिसेल. ह्या उन्हात पांढरी टोपी पिवळसरच असते, म्हणून तर पांढरी वाटते."

"मंग पिवळी करा."

"रंग करीन. पण ही सगळीच सावलीत, हिला उजळ बाजूच नाही, ती कुठून आणू?"

तिसऱ्या फोटोत ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. संध्याकाळचे ऊन, तेवढेच तिरपे, तेवढेच पिवळे, मान जवळजवळ तेवढीच वळलेली. फक्त ऊन डावीकडून आणि मानही उलट बाजूला. टोपीला डावे-उजवे नसते, आरशासारखी उलटवली की काम झाले. टोपी जुनी, मऊ, मधे बसलेली. मी म्हणाले, "हीच."

मावशींनी मोबाइल मुलाच्या हातून काढून घेतला.

"हा माहा चुलत दीर," मावशी म्हणाल्या. "बांधाचा धुरा कोरून कोरून आमच्या वावरात आला. हे बोलत नोहते त्याच्याशी. त्याची टोपी यायच्या डोक्शावर? मंग कंपनीचीच राहू द्या!"

मी वाद घातला नाही. समोरच्या दुकानातून नवी टोपी आणवली, उतरत्या उन्हात मुलाला रस्त्यावर उभे केले, मान वळवून फोटो काढला. उजेड तंतोतंत जुळला. टोपी मात्र खळ दिलेली, कडक, टोकदार. पडद्यावर वडिलांना चढवून दाखवली.

मावशींनी पाहिले. "हे तर मतं मागाले आल्यावानी दिसते."

मुलगा हसला आणि लगेच थांबला. तिकडे कंपनी, इकडे पुढारी, मधे दीर.

"त्याची टोपी उलटी करान म्हनता ना?" मावशींनी विचारले.

"हो."

"मंग करा उलटी. तेवढं तरी होऊ द्या त्याचं."

उलटवली, बसवली, टोपीखाली कपाळावर बारीक सावली दिली. मावशींनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "हे हायेत." मग मुलाला दटावले, "कोनाले सांगशीन नोको."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम घेऊन मी स्वतः त्यांच्या गावी गेले. हार घालत होते तेवढ्यात दीर आला. बोलणे नसले तरी तेरवीला यावेच लागते. तो फोटोसमोर उभा राहिला, आपली टोपी नीट केली आणि म्हणाला, "टोपी मात्र दादालेच शोभे."

मावशींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी परत येऊन दुकान उघडले आणि दारावर पाटी लावली : फोटो काढण्यापूर्वी कंपनीची टोपी काढावी.