आठ क्युरीची ओळ

खोटं बोलणाऱ्याने निदान हिशोब तरी नीट करावा. मला ज्यांनी हिशोब करायला शिकवला त्यांनीच तो केला नाही, म्हणून मला कळलं. केला असता तर आजही मी त्यांना गुरू म्हणत बसले असते.

नागपुरातल्या एका कर्करोग रुग्णालयात मी भौतिकतज्ज्ञ आहे. रुग्णाला किती किरणं, किती वेळ द्यायची याची आकडेमोड करणं हे माझं काम. आमच्याकडे एक यंत्र आहे. त्यात तारेच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा किरणोत्सारी इरिडियम असतो. दाराआड रुग्ण एकटी झोपते, तार शरीरात ठेवलेल्या नळीतून गाठीपर्यंत जाते, ठरलेले सेकंद थांबते आणि परत येते. दाण्याला आम्ही सोर्स म्हणतो आणि त्याची ताकद क्युरीत मोजतो. ताकद जेवढी कमी, तेवढे सेकंद जास्त. त्यामुळे आज सोर्समध्ये किती उरलंय, हे माहीत नसेल तर बाकी सगळं फुकट आहे.

इरिडियमचा अर्धायुकाल चौऱ्याहत्तर दिवसांचा. म्हणजे चौऱ्याहत्तर दिवसांत तो निम्मा होतो. ०.६९३ ला ७४ ने भागलं की क्षय स्थिरांक येतो, दिवसाला ०.००९३६. म्हणजे रोज एक टक्क्याला जरा कमी. हे मला सरांनी शिकवलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. मी नवखी असताना रविवारी त्यांच्या महाल भागातल्या घरी वह्या घेऊन जायची. काकू चहा द्यायच्या आणि सर कोऱ्या कागदावर तो खाली उतरणारा वक्र काढायचे. म्हणायचे, "हे पाय, रोज एक टक्का वजा करायचा, हा झाला अंगठ्याचा नियम, म्हंजे ठोकताळा. आठवडाभर चालते. त्याच्या पुढं अंगठा नको, लॉग घे. काहून? कारण आजचा टक्का कालच्या उरलेल्यातून जाते, मूळ ढिगातून नाही." मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

त्या उन्हाळ्यात नवा सोर्स आला तो वीस दिवस उशिरा. कागदपत्रांच्या घोळात विमानतळावर पडून राहिला होता. सोबतच्या प्रमाणपत्रावर लिहिलं होतं, अमुक तारखेला १०.०० क्युरी. ती तारीख वीस दिवसांपूर्वीची. कंपनीच्या इंजिनिअरने दिवसभर खपून जुना काढला, नवा बसवला. नव्या सोर्सच्या दिवशी सरांकडून सगळ्यांना तर्री-पोहे असायचे, तेही झाले. मग संगणकात नोंद करायला बसलो.

आमच्या नोंदीची एक रीत आहे. एकाने प्रमाणपत्र वाचायचं, दुसऱ्याने टाइप करायचं. झालं की जागा बदलायच्या आणि पडद्यावरचं उलट वाचून प्रमाणपत्राशी ताडायचं. शेवटी विहिरीच्या आकाराच्या मोजपात्रात सोर्स घालून त्याची ताकद आपण स्वतः मोजायची. त्या दिवशी सर टाइप करत होते आणि मी वाचत होते. "दहा क्युरी," मी म्हटलं. ताकदीसमोरच्या रकान्यात संगणक आपणहून आजची तारीख टाकतो, ती बदलावी लागते. मी तारीख वाचणार तेवढ्यात सरांचा फोन वाजला. फोन कानाला लावून ते म्हणाले, "राहू दे, मंग बदलतो." आणि एन्टर दाबलं. उलट वाचन झालं नाही. मोजणी उद्या सकाळी करू म्हणाले. सकाळी रुग्ण टेबलावर होती, तेव्हा तीही राहिली. फॉर्मवर "गणना" या शब्दापुढे मी सही केली, "तपासणी" पुढे त्यांनी. तारीख बदलली का, हे मी विचारलं नाही. त्यांना काय विचारायचं, असं वाटलं. माझी चूक तेवढी, आणि ती लहान नाही.

टेबलावर होती ती पारशिवनीकडच्या गावातली एक मावशी, गर्भाशयमुखाचा कर्करोग असलेली. चार बैठका, प्रत्येकी सात ग्रे असं ठरलं होतं. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. दहा दिवसांत तीन बैठका झाल्या. प्रत्येक वेळी मावशी दारातून बाहेर आली की मला म्हणायची, "झालं का वं एवढ्यातच?" मी हसायची. ती नवा सोर्स मजबूत असल्याची खूण आहे, असं मी तिला सांगत होते.

दहाव्या दिवशी महिन्याची तपासणी करायची म्हणून मी मोजपात्र काढलं. आकडा आला ७.५३ क्युरी. संगणक म्हणत होता ९.११. मला आधी मोजपात्राचाच राग आला. त्याच्या वायरी काढून पुन्हा लावल्या, पुन्हा मोजलं. पुन्हा ७.५३. मग कागद घेतला. ७.५३ भागिले ९.११ म्हणजे ०.८२७. त्याचा लॉग घेतला, ०.००९३६ ने भागलं. उत्तर आलं वीस दिवसांच्या जरा वर. विमानतळावरचे वीस दिवस संगणकाला ठाऊकच नव्हते. प्रमाणपत्रातले दहा क्युरी बसवण्याच्या दिवशी खरोखर ८.२९ उरले होते, आणि संगणक ते पूर्ण दहा धरून सेकंद देत होता. जिथे आठ मिनिटं हवी होती, तिथे साडेसहाच्या आसपास. मावशीला प्रत्येक वेळी सातच्या जागी ५.८ ग्रे मिळाले होते. तीन बैठकांत साडेतीन ग्रेच्या वर कमी. गाठ जगायला तेवढं पुरलं असतं.

मी धावत सरांकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला, दार लावलं. "कोणाले सांगितलं?" पहिला प्रश्न हा. कोणालाच नाही, म्हटलं. "मंग ऐक बेटा. उद्याची चौथी बैठक आहे ना, त्याच्यातच भरून काढू. वेळ वाढवून टाक. कागदावर सातच राहू दे."

साडेदहा ग्रे एका दमात. मूत्राशय आणि आतडं गाठीला चिकटून असतात, हेही यांनीच शिकवलेलं. अळीमिळी गुपचिळीचा हा बेत होता. मी म्हटलं, "सर, हे मी नाही करणार. डॉक्टर मॅडमना सांगूया. दोघं मिळून." चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून ते उठले, मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर आहे तुझं. सांग तू. मी आहे ना, तुले काही होऊ देत नाही." त्या हाताने मला इतकं बरं वाटलं होतं की आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

मावशीवर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी चौथी बैठक थांबवली. सोर्सची तारीख दुरुस्त करून नवी आखणी केली. चौथी थोडी लहान आणि एक वाढीव पाचवी, म्हणजे कमतरता भरून निघेल आणि शेजारच्या अवयवांना इजा होणार नाही. नियमाप्रमाणे वरही कळवलं. मावशीला सांगायचं काम मी मागून घेतलं. ओसरीतल्या बाकावर तिच्या शेजारी बसून म्हटलं, तुम्हाला औषध कमी मिळालं, चूक आमची आहे, एकदा जास्त यावं लागेल.

तिने जरा विचार केला. "फवारणी पातळ झाली म्हण ना."

"हो मावशी."

"येईन मंग. तू सांगतलं म्हणून समजलं. नसतं सांगतलं तं मले काय समजत होतं?"

चौकशी तीन दिवसांनी झाली. अधीक्षक, एक शल्यचिकित्सक आणि एक प्रशासकीय अधिकारी असे तिघे होते. टेबलावर सोर्सची नोंदवही उघडी होती. सोर्स बसवल्याच्या तारखेखाली, जिथे दोन ओळी रिकाम्या असल्याचं मला पक्कं आठवत होतं, तिथे सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "मोजपात्राने मापन ८.०० क्युरी. संगणकातील तारीख दुरुस्त करण्याची तोंडी सूचना कनिष्ठ भौतिकतज्ज्ञास दिली." खाली सही.

सर माझ्याकडे न बघता सांगत होते. तिने वाचलं ते मी टाइप केलं, मोजल्यावर लगेच तिला सांगितलं, पोरगी हुशार आहे पण जरा घाई करते. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा समजलं. मला ओरडायचं होतं, पण माझी नजर त्या आठवर खिळली होती. वीस दिवस, वीस टक्के, दहातून दोन गेले, आठ. अंगठ्याचा नियम! खरं मोजलं असतं तर ८.२७, ८.३० असं काहीतरी आलं असतं.

मी फळ्यावर मांडलं. हे मापन खरं असेल तर दहा दिवसांनी त्याच मोजपात्रात, त्याच सोर्सचे, ८.०० चे ७.२८ उरायला हवेत. प्रत्यक्षात ७.५३ आले. सोर्स कमीच होतो, इतका हळू होत नाही, आणि वाढत तर नाहीच. म्हणजे त्या दिवशी मोजणी झालीच नाही. शल्यचिकित्सकांनी विचारलं, "फरक किती?" साडेतीन टक्के, मी म्हटलं. "आणि तुमची मर्यादा?" पाच, सरांनी उत्तर दिलं. "मग मर्यादेत आहे," असं म्हणून अधीक्षकांनी वही मिटली. प्रमाणपत्राशी ताडायला पाच टक्के चालतात. एकाच मोजपात्राची कालची आणि आजची मापं अर्ध्या टक्क्यात जुळतात. मी हे सांगितलं, पण वही मिटली होती. ते खरं असल्याचं त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाने तोंड उघडलं नाही.

माझ्या फाइलीत निष्काळजीपणाचा शेरा लागला. मावशीची चौथी बैठक झाली होती, पाचवी त्याच दुपारी होती. मी सोर्स मोजला, उलट वाचन करायला तंत्रज्ञ ताईंना बसवलं आणि मगच बटण दाबलं. सेकंद शून्यावर आले, तार परतली, मावशी बाहेर आली. "आज बराच वेळ लागला वं," ती म्हणाली, आणि तिला ते आवडलेलं दिसलं.

बाहेर पडताना पार्किंगमध्ये सर भेटले. स्कूटरला किल्ली लावता लावता थांबले. मला वाटलं, आता माफी मागतील. खरं सांगते, मागितली असती तर मी दिलीही असती.

"आठ पूर्णांक एकोणतीस लिहायले पाहिजे होतं," ते म्हणाले. "तसं लिहिलं असतं, तं तुले दिसलं नसतं ना?"

"नाही सर," मी म्हटलं. "मला वाटलं असतं, तुम्ही खरंच मोजलंत, आणि मीच विसरले."

त्यांनी मान हलवली, एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर बरोबर आल्यावर हलवायचे तशी, आणि स्कूटर सुरू केली.