लाल, हिरवा आणि झाकलेला कोड

पुसदला मी कॉम्प्युटर शिकवायचे, ती कापसाची वाईट वर्षं होती. फी भरणारे कमी झाले होते, अर्ध्या खुर्च्यांवर धूळ. तरी मालकांनी उमरखेडला नवी शाखा काढली आणि मला म्हणाले, "जुन्या विद्यार्थ्यांतला एक मास्तर तुम्हीच निवडा. पण पक्का पाहिजे."

माझ्या डोक्यात एकच नाव होतं. वणीकडचा एक पंचविशीतला मुलगा, बहिणीकडे राहून शिकणारा. गडी कष्टाळू, पण पाठांतराचा मला भारी संशय. वेबपानाच्या एकाच ओळीवर गटाचा नियम म्हणजे क्लास, तिच्या एकटीचा म्हणजे आयडी आणि ओळीतच लिहिलेला इनलाइन असे तीन नियम भिडले, तर वजनाचा क्रम "इनलाइन, मग आयडी, मग क्लास", हे तर आमच्याकडची पोरं पाढ्यासारखं म्हणतात. समजलेलं असतंच असं नाही. पोपटाला मास्तर करायला मी काही खुळी नव्हते.

म्हणून परीक्षा मी उलटी काढली. नियम सांगितले: क्लासचा रंग लाल, आयडीचा हिरवा, ओळीतच लिहिलेल्या इनलाइन स्टाइलचा तपकिरी. मग कोड झाकला आणि पडद्यावर तीन ओळी दाखवल्या.

"कोणत्या ओळीवर कोणता नियम जिंकला? बघ आणि सांग."

तो बघत राहिला. मान तिरकी केली, खुर्ची पुढे ओढली. कपाळावर घाम.

"मॅडम, मले सांगता येऊन नाही राह्यलं."

"काहून रे? पहिल्या आठवड्यातली पोरं सांगतात हे!"

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. उमरखेड गेलं याच्या हातून, असं मी मनाशी म्हणालेसुद्धा. तेवढ्यात लाइट गेली. त्या वर्षांत भारनियमनाला कसली आली दयामाया, भर दुपारी पडदे काळे.

तो उठला आणि खडू माझ्यापुढे धरला. "फळ्यावर कोड लिहा ना मॅडम. काही बी विचारा."

मी मुद्दाम वाकडंच विचारलं. आयडीचा नियम वर लिहिला, क्लासचा सगळ्यात खाली. आमच्याकडे नव्वद टक्के पोरं इथंच घसरतात, खालचा म्हणजे शेवटचा, म्हणून तोच जिंकतो म्हणतात.

"आयडीच," तो म्हणाला. "खालीवर तवाच पाहाचं, जवा वजन सारखं असते. दोन क्लास भिडले तर खालचा जिंकते."

"आणि त्या ओळीला दहा क्लास लावले, एकाच नियमात दहाही लिहिले तर?"

"दहा काय, शंभर लावा. आयडीले नाही हालवत."

"इनलाइन आलं तर?"

"ते दोघांवर भारी. पण क्लासच्या नियमात इम्पॉर्टंट हा शब्द लिहिला, अन् इनलाइनमधी नसला, तर क्लास जिंकते."

मी खडू खाली ठेवला. माझे हात पांढरे झाले होते.

"मग मघाशी काय झालं होतं तुला?"

तो खिडकीकडे बघत बोलला. कोळसा खाणीत डंपर चालवायची नोकरी जवळपास लागली होती त्याची, पण डोळ्यांच्या तपासणीत काढून टाकलं. लाल, हिरवा, तपकिरी त्याला वेगळे दिसतच नाहीत. "इथं बी काढसान म्हणून नाही सांगतलं, मॅडम."

इतके महिने हा माझ्यासमोर पानं रंगवत होता, आणि एकही चुकलं नव्हतं. कोड स्वतः लिहायचा, त्यामुळे कुठे काय उमटलं असणार हे त्याला आधीच ठाऊक असायचं. आम्ही सगळे हिरवी ओळ बघून म्हणायचो, आयडी जिंकला. हा आयडी जिंकला म्हणून ओळ हिरवी आहे असं मानायचा. अंगावर काटा आला माझ्या, खरंच. देवळात येतो तसा.

लाइट आली. "थांबा," म्हणाला आणि खुर्चीत बसला. माझ्या पानावरचे रंग त्याने काढून टाकले. क्लासला तुटक चौकट, आयडीला सलग, इनलाइनला दुहेरी. मग मलाच म्हणाला, "मी तोंड फिरवतो. तुम्ही कोड बदला, झाका, अन् मंग विचारा."

मी बदलला. आडवंतिडवं, जितकं छळता येईल तितकं. त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि तिन्ही ओळी सांगून टाकल्या.

संध्याकाळी मालकांना म्हणाले, "पक्का आहे." डोळ्यांचंही सांगितलं, त्याला विचारून. मालक थोडे घुटमळले, मग म्हणाले, "रंग बघून कापूस थोडाच निवडायचा आहे त्याला."

उमरखेडला जायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला, नवा शर्ट घालून. दारातच थांबला, जरा लाजला.

"मॅडम, ताईनं हिरवा म्हणून घेतला. हिरवाच आहे ना?"

शर्ट हिरवाच होता. मी त्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाले, "हिरवाच आहे."