कागदावरची पाणीपट्टी

लेखापालांनी माझा प्रस्ताव परत पाठवला तो एकाच ओळीचा शेरा मारून: "जमा-खर्च बसत नाही. सुधारून सादर करावे."

मी आमच्या नगरपरिषदेत पाणीपुरवठा अभियंता आहे. बीड जिल्ह्यातलं मध्यम आकाराचं शहर. धरण लांब, पाइपलाइन जुनी आणि पाणी आठवड्यातून एकदा. आमचं घर शहराच्या अगदी टोकाला, चढावर असल्यामुळे तिथे तेही धड चढत नाही. सासूबाई शेजारणींसमोर मला म्हणायच्या, "ऑफिसात तू पाण्याची साहेब, अन् आपल्या नळाला थेंब न्हाई. कसं सांगावं लोकायला तू काय करतीस ते?"

दर डिसेंबरला लेखा विभागाचं परिपत्रक येतं. प्रत्येक विभागाने पुढच्या वर्षाचा जमा-खर्चाचा अंदाज द्यायचा, मग सगळ्यांचे अंदाज एकत्र करून अंदाजपत्रक तयार होतं. ते आधी स्थायी समितीपुढे जातं, तिथून सर्वसाधारण सभेपुढे, आणि फेब्रुवारी संपण्याआधी त्याला मंजुरी मिळावी लागते. त्या वर्षीच्या परिपत्रकात एक ओळ जास्त होती: कोणत्याही विभागाने मागच्या वर्षापेक्षा जास्त मागणी करू नये.

आता पाणी काही परिपत्रक वाचत नाही. विजेचे दर वाढले होते, आणि आमचा अर्ध्याहून जास्त खर्च पंपांच्या विजेवरच होतो. तुरटी महागली होती, क्लोरीन महागलं होतं. कंत्राटी कामगारांचं किमान वेतन सरकारने वाढवलं होतं; ते द्यायचं की नाही हा आमच्या हातातला प्रश्न नव्हताच. इकडे पाणीपट्टीचा दर कित्येक वर्षं जागचा हललेला नव्हता. आधी निवडणूक जवळ आली म्हणून, मग प्रशासक आले म्हणून, आणि आता नवे नगरसेवक निवडून आले म्हणून. वसुलीही दरवर्षी जवळपास तेवढीच. मी खर्च खरा लिहिला, वसुली खरी लिहिली, आणि दोन्हींमध्ये मोठी दरी राहिली. तिथेच लेखापालांचा शेरा आला.

मी फाइल घेऊन त्यांच्या टेबलापाशी गेले. लेखापाल जुने, गावातल्याच एका व्यापारी मुस्लिम घरातले. माणूस सरळ, पण नोकरीची शेवटची वर्षं शांततेत जावीत अशी त्यांची फार इच्छा. त्यांनी चहा मागवला.

"मॅडम, लई सोपं हाय," ते म्हणाले. "खर्च कमी होत न्हाई ना? राहू द्या. जमेच्या बाजूला वसुली वाढवा. जुनी थकबाकी सगळी येणार असं धरा. जमा वाढली की खर्चाला जागा होती. सगळे असंच करतात."

"आणि ती वसुली आली नाही तर?"

"तवाचं तवा बघू."

ते 'तवा' मी पाहिलेलं होतं. चालू वर्षाचं अंदाजपत्रक मी येण्याआधी असंच बसवलेलं. कागदावर भरपूर जमा, तिजोरीत नेहमीचीच. वर्ष सुरू होतं न होतं तोच ठेकेदाराची बिलं थांबली, मग आधीच थकलेलं वीजबिल आणखी थकलं, आणि ऐन मे महिन्यात धरणावरच्या पंपगृहाची वीज तोडली गेली. शहराला पाणी नव्हतं. बायका रिकाम्या घागरी घेऊन नगरपरिषदेत आल्या. वरचे सगळे दौऱ्यावर, बैठकीला, आजारी. त्या गर्दीपुढे मी एकटीच उभी होते. एका म्हातारीने घागर माझ्या पायाशी आणून ठेवली आणि म्हणाली, "भर, बाई." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी लेखापालांना म्हटलं, "आकडा वाढवणार नाही. एवढाच जाईल."

"मुख्याधिकारी साहेब मान्य करणार न्हाईत."

"मग साहेबांनी बदलावा. त्यांना अधिकार आहे. पण तिथे सही त्यांची राहील."

"आमी तुमच्या भल्याचंच सांगत होतो," असं पुटपुटत त्यांनी फाइल मुख्याधिकाऱ्यांच्या ट्रेमध्ये ठेवली.

मुख्याधिकारी तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातले, बोलायला गोड. दुसऱ्याच दिवशी बोलावणं आलं.

"मॅडम, तुटीचं अंदाजपत्रक सभेपुढे नेता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. रसायनांमधून थोडं काढा, दुरुस्तीतून थोडं काढा."

"क्लोरीन किती काढू, सर?"

"ते तुम्ही ठरवा. तांत्रिक बाब आहे."

"तांत्रिक बाब असेल तर काढता येत नाही. क्लोरीन कमी पडून कावीळ झाली तर सगळ्या शहरात पसरेल. दुरुस्तीतून काढलं तर गळती वाढेल, म्हणजे महागाची वीज जाळून उपसलेलं पाणी रस्त्यावर सोडायचं. तसं करायचं असेल तर मला लेखी आदेश द्या. मी पाळते."

लेखी हा शब्द ऐकल्यावर त्यांचा गोडवा संपला. "तुम्हाला प्रश्न वाढवायचे आहेत की सोडवायचे आहेत?"

"सोडवायचेत. म्हणूनच शेवटचं पान जोडलंय. ते वाचलंत का?"

त्यांनी ते वाचलेलं नव्हतं. दरी भरायचे तीन मार्ग मी त्या पानावर मांडले होते. पहिला, घरगुती दर वाढवावा. दुसरा, दर तसाच ठेवून पाणी आणखी उशिराने सोडावं आणि तसं लोकांना आधी उघड सांगावं. तिसरा मार्ग माझ्या मनातला होता. शहरातली मंगल कार्यालयं, लॉज, गाड्या धुण्याची सेंटरं, थंड पाण्याचे जार विकणारे, यातले बहुतेक जण घरगुती नळजोडणीवर पाणी घेत होते. व्यावसायिक दर आमच्या उपविधीत आधीपासूनच होता, कितीतरी पट जास्त. त्यासाठी नवा ठराव लागत नव्हता. फक्त जोडणी तपासायची आणि ज्याला जो दर लागू आहे तो लावायचा. व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या चावीवाल्यांना सोबत घेऊन मी सगळा बाजार आणि बायपास पायी फिरले होते आणि ठिकाणं लिहून काढली होती.

साहेबांनी पान वाचलं. मग खुर्ची थोडी मागे घेतली.

"यातल्या निम्म्या जागा कुणाच्या आहेत, कल्पना आहे?"

"आहे, सर."

"आणि तरीही?"

"त्यांच्या नळाला पाणी माझंच जातं."

त्यांनी फाइल ठेवून घेतली. बदलली नाही आणि पुढेही पाठवली नाही. दिवस जात राहिले. घरी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बदली करतील तुझी." मी म्हटलं, "करू द्या, पण आकडा खोटा लिहिणार न्हाई." त्या भाजी निवडत होत्या. निवडता निवडताच म्हणाल्या, "मग नीट भांड. अर्धवट भांडू नको."

शेवटी मुदत अंगावर आली. साहेबांनी मधला रस्ता काढला: माझा प्रस्ताव होता तसाच स्थायी समितीपुढे टाकला, म्हणजे जबाबदारी त्यांच्याकडून समितीकडे गेली. समितीने तो तसाच अंदाजपत्रकाच्या विशेष सर्वसाधारण सभेकडे ढकलला. मला हेच हवं होतं, सगळ्यांसमोर उघड चर्चा.

सभेच्या दिवशी सभागृह भरलेलं. पाणीपुरवठ्याचा विषय आला आणि एक ज्येष्ठ नगरसेवक उभे राहिले. बायपासवरचं सगळ्यात मोठं मंगल कार्यालय त्यांचंच, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मॅडम, आमी कालपरवा निवडून आलो," ते म्हणाले. "अन् तुमी म्हणता पाणीपट्टी वाढवा. लोकं जोडे मारतील आमाला."

मी उभी राहिले. "जोडे खायला मी मे महिन्यात खाली उभी होते. तेव्हा तुम्ही निवडून यायचे होतात, पण गावातले पुढारी म्हणूनही कुणी दिसलं नाही. दर वाढवू नका, चालेल. पण मग वीज कशी भरायची ते या सभेने सांगावं. खोटी वसुली दाखवून वीज भरता येत नाही, ते आपण करून पाहिलंय."

"मग आमी काय खिशातून भरायची?"

"खिशातून नाही. जो पाण्यावर धंदा करतो त्याने धंद्याचा दर द्यावा. उपविधीत लिहिलंय तेवढाच. कुणाच्या जोडण्या आहेत ते पानावर आहे. सभेची इच्छा असेल तर वाचून दाखवते."

मागच्या बाकावरून एक तरुण नगरसेवक म्हणाला, "वाचाच की मॅडम!" आणि हशा पिकला. ज्येष्ठ नगरसेवकांचा चेहरा काळवंडला.

अध्यक्षस्थानी नगराध्यक्षा होत्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या. त्यांच्या मागे त्यांचे यजमानच कारभार बघतात असं बाहेर बोललं जायचं. त्यांनी पान हातात घेतलं, नजर फिरवली. मग माइक जवळ ओढून म्हणाल्या, "वाचायची गरज न्हाई. यात आमच्या दिराचं लॉजबी हाय. त्याच्यापासून सुरुवात करा."

असं काही त्या बोलतील याची कुणालाच अपेक्षा नव्हती, मलाही नव्हती. यजमान प्रेक्षकांत बसले होते. ते उठून बाहेर गेले.

सगळं काही माझ्या मनासारखं झालं, असं मात्र नाही. घरगुती दराला कुणी हात लावला नाही. दुरुस्तीच्या रकमेला कात्री लागलीच. गळक्या पाइपलाइनसाठी मागितलेलं निम्मंच मिळालं. पण वीज, तुरटी, क्लोरीन आणि कामगारांचं वेतन यांना पूर्ण तरतूद मिळाली, आणि त्यासाठी तलावाकाठच्या सुशोभीकरणाचं काम पुढे ढकललं गेलं. पाणीपट्टीच्या जमेत प्रत्यक्ष वसुलीचाच आकडा राहिला. व्यावसायिक जोडण्यांचे पैसे मी त्यात धरू दिले नाहीत. आधी येऊ द्या, मग सुधारित अंदाजात घेऊ, असं म्हटलं. लेखापालांनी तो आकडा स्वतःच्या हाताने नोंदवला आणि जाताना म्हणाले, "इतक्या वर्षांत आमची जमा पहिल्यांदा खरी लिहिली. झोप येईल का न्हाई, सांगता येत न्हाई."

पंधरवड्यात माझ्या हातात एक आदेश पडला. बदलीचा नव्हता. व्यावसायिक जोडण्यांची तपासणी आणि वसुली, अतिरिक्त कार्यभार म्हणून, माझ्याच गळ्यात. वेगळा माणूस नाही, गाडी नाही. साहेबांना वाटलं असावं की एवढ्याने मी गप्प बसेन.

नगराध्यक्षांच्या दिराचं लॉज पहिल्या दिवशी झालं. तिथे त्यांनी लगेच अर्जावर सही केली. दुसऱ्या दिवशी मी चावीवाल्याला घेऊन बायपासवर गेले. मंगल कार्यालयात लग्नाची तयारी चालली होती. आचारी भल्यामोठ्या टाकीतून पाणी काढत होते. नगरसेवक स्वतः फाटकाशी आले.

"मॅडम, आज लग्नघर हाय. उद्या या."

"लग्न होऊ द्या," मी म्हटलं. "नळ तोडायला नाही आले. अर्ज भरायला आलेय. दहा मिनिटं लागतील."

ते हलले नाहीत. मीही हलले नाही. वाजंत्री आली, पाहुणे आले, आम्हाला वळसा घालून आत जाऊ लागले. एका पाहुण्याने मलाच नमस्कार करून विचारलं, "मुलीकडच्या का?"

"नाही," मी म्हणाले, "पाण्याकडची."

शेवटी नगरसेवकांनी मुनिमाला हाक मारली आणि अर्ज भरण्यासाठी खुर्ची आणायला सांगितली.