अर्धशासकीय पत्रातली मोकळी जागा

पौडच्या एका सरकारी कार्यालयात मी कंत्राटी टायपिस्ट म्हणून लागले, त्या पहिल्याच आठवड्यात एका वरिष्ठ अधिकाऱ्यांना 'प्रिय साहेब' असं पत्र टाइप केलं. शाळेत दहा वर्षं 'डिअर सर' लिहिलेलं, मला त्यात काही गैर दिसलं नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कारकून मॅडमनी ते वाचलं आणि हळूच म्हणाल्या, "त्यांच्या घरी बायको आहे, बरं का."

त्यानंतर मी एक वही केली. अधिकाऱ्याच्या पदाआधी 'मा.', बाई असतील तर 'महोदया', शेवटी 'आपला विश्वासू'. कुणाला काही विचारण्यापेक्षा वही उघडणं मला सोपं जायचं. दोन महिन्यांत मला वाटू लागलं की मराठी पत्रव्यवहार आपल्याला आला.

मे महिन्यात आमच्या साहेबांनी रिहे गावाकडच्या एका साकवासाठी पत्र काढायचं ठरवलं. ओढ्यावरच्या त्या छोट्या पुलाच्या फळ्या निखळल्या होत्या, उरलेल्या पावलागणिक खडखड वाजत, आणि वाडीतली मुलं त्यावरूनच शाळेत जात. त्यांत आमच्या शिपाईमामांची नात होती. पुण्यातल्या एका खात्याला आधी तीन पत्रं गेली होती, उत्तर नव्हतं. म्हणून या वेळी साहेबांनी तिथल्या अभियंता मॅडमच्या नावाने अर्धशासकीय पत्र लिहिलं. हाताने लिहिलेला मसुदा माझ्याकडे आला. मजकुराच्या वर जागा कोरी, खालीही कोरी, आणि अभियंता मॅडमचं नाव तळाशी डाव्या कोपऱ्यात.

कारकून मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. मला वाटलं, साहेब घाईत विसरले. मी वही उघडली. तळातलं नाव काढून वर 'मा. कार्यकारी अभियंता' असं पद टाकलं, कारण नुसतं नाव मला उद्धट वाटलं. 'महोदया' घातलं, शेवटी 'आपला विश्वासू'. साहेबांनी गाडीत बसता बसता गठ्ठ्यातल्या सगळ्या कागदांवर सह्या केल्या. इतकं नीटनेटकं पत्र आपण केलं म्हणून मी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्वतःलाच एक वडापाव दिला.

दुसऱ्या दिवशी मामा पत्र पुण्याला पोचवून आले. "ताई, तितल्या आवक-टेबलाच्या बाईनं ठप्पा मारला आन् गठ्ठ्यात टाकलं. आदल्या तिन्हीच्या वर."

"मॅडमच्या हातात नाही दिलं?"

"मी म्हनलं, हातात द्यायचंय. ती म्हनली, वर पद हाय, मंजी आवकलाच जातंय."

रजेवरून आलेल्या कारकून मॅडमनी कार्यालयीन प्रत पाहिली आणि कपाळाला हात लावला. अर्धशासकीय पत्र माणसाने माणसाला लिहिलेलं असतं, त्या म्हणाल्या. म्हणून ते नावाने जातं, आणि वरचं संबोधन व खालचा शेवट साहेब स्वतःच्या पेनाने लिहितात. त्यासाठीच जागा सोडायची. "तू त्याचं आणखी एक स्मरणपत्र केलंस."

"आता?" मी विचारलं.

"आता जा आत आणि सांग."

साहेबांच्या दारापर्यंत मी दोनदा गेले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले. तिसऱ्यांदा मामाच मागे उभे होते. "शाळा पंधरा दिसांवर आलीया, ताई," एवढंच म्हणाले.

मी आत जाऊन एका दमात सगळं सांगितलं, वहीसुद्धा. साहेब रागावले नाहीत. "माझीच सही आहे त्यावर," म्हणाले. "जागा सोडून परत आणा."

मी आणलं, कारकून मॅडमही सोबत आत आल्या. त्यांनी पेन उघडलं आणि थांबले. "मॅडम वयाने मोठ्या आहेत," ते कारकून मॅडमना म्हणाले. "'प्रिय' बरं दिसेल का?"

"'आदरणीय' लिहा, सर."

ते त्यांनी लिहिलं. खाली 'आपला स्नेहांकित' लिहिलं, जरा लांब धरून पाहिलं आणि मला म्हणाले, "अजून एक प्रत काढा. एकदाच भेटलोय आम्ही." दुसऱ्या प्रतीवर शाई सांडली. तिसरीवर नुसतं 'आपला' लिहिलं. मला फार बरं वाटलं. वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसालाही घाम फुटतो.

"कायबी लिवा, साहेब, पन बंद करून द्या," मामा दारातून म्हणाले. पाकीट घेऊन ते लगेच निघाले, आणि या वेळी ते मॅडमच्या हातात देऊनच परतले.

आठव्या दिवशी नव्या फळ्या घेऊन टेम्पो वाडीत गेला. मामा त्या दिवशी अर्धी रजा टाकून बघायला गेले. दुसऱ्या दिवशी आल्यावर माझ्या टेबलावर त्यांनी चार जांभळं ठेवली. "चालून बघितलं," म्हणाले. "वाजत न्हाई."