मोजपट्टीबाईंचा तीन महिन्यांचा कागद

आमच्या लॅबच्या प्रमुख बाईंना सगळे पाठीमागे ‘मोजपट्टी’ म्हणत. समोर म्हणायची कोणाची टाप नव्हती. पाठीमागे मी तर तोंड भरून म्हणायचो. त्यांनी मला आत बोलावलं त्या शुक्रवारी मी चांगलाच हवेत होतो.

सहा महिन्यांचं प्रोबेशन, त्यातले तीन सरलेले. रक्त घ्यायच्या खोलीत माझा हात असा हलका की पेशंट विचारायचे, "टोचलंत का?" नोकरी पक्की होणार हे मी धरूनच चाललो होतो. बायको दुसऱ्या गावात शाळेत शिकवत होती, मुलगी तिच्याजवळ. इकडे येण्यासाठी तिने राजीनामा लिहून ठेवला होता आणि सोमवारी ती तो देणार होती.

बाईंनी दार लोटलं आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. "आधी वाचा. मग बोलू."

वरच्या ओळी कौतुकाच्या होत्या. हात चांगला, वेळेवर येतात, म्हाताऱ्या माणसांशी नीट बोलतात. खाली दोन तारखा. दोन्ही दिवशी मी रक्त घेण्याआधीच तीन-तीन पेशंटच्या नळ्यांना लेबलं चिकटवून ठेवली होती. नियम असा, की पेशंटने स्वतः नाव आणि जन्मतारीख सांगायची, मग रक्त घ्यायचं, आणि तो खुर्चीतून उठायच्या आत त्याच्यासमोर लेबल लावायचं. शेवटची ओळ होती : ‘आजच निर्णय घ्यायचा झाला, तर कायम करण्याची शिफारस मी करणार नाही.’

माझं डोकंच सटकलं. "कोणाचा रिपोर्ट चुकला का त्यामुळे? एक तरी?"

"नाही. चुकला असता तर असं बसून बोललो नसतो."

"आणि इतके दिवस तुम्ही मूग गिळून बसलात! एका शब्दाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?"

बाईंनी टेबलावरचं पेन उचललं. मला वाटलं, आता गेली नोकरी, आजच.

"हेच लिहा," त्या म्हणाल्या. "खाली तुमच्यासाठी जागा आहे. सही केलीत म्हणजे कबूल केलंत असं नाही. वाचलंत, एवढंच."

मी पेन दाबून लिहिलं : ‘मला आधी कोणीही सांगितलं नाही.’ बाईंनी ते वाचलं आणि माझ्या सहीखाली आपल्या बारीक अक्षरात उतरवलं : ‘हे खरं आहे. दोन्ही वेळा गर्दी बघून मी सांगायचं टाळलं. चूक माझी.’ मग चष्मा काढून म्हणाल्या, "गेल्या वर्षी एका मुलीला मी शेवटच्या दिवशी सांगितलं. ती सगळं बिऱ्हाड घेऊन आली होती. तिचं तोंड अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तुमच्या घरची माणसं इकडे यायची आहेत म्हणून ऐकलं. थांबवा त्यांना."

असा राग आला होता ना! तरी संध्याकाळी बायकोला फोन केलाच. "राजीनामा देऊ नकोस."

"काय केलंस तू?"

"लेबलं," म्हटलं. ती भांडली, रडली, पण राजीनामा दिला नाही.

पुढे दर पंधरा दिवसांनी बाई माझ्या शेजारी उभ्या राहून दहा पेशंट बघायच्या आणि काय दिसलं ते माझ्यासमोर लिहायच्या. दोन महिने एकही खोट निघाली नाही. मग एका सोमवारी उपाशीपोटी आलेल्यांची रांग दाराबाहेर गेली. लोक कुरकुरायला लागले आणि माझा मेला हात आपोआप चालला. चार लेबलं आधीच लावली. एका आजींचं रक्त घेतल्यावर त्यांनी जन्मतारीख सांगितली, नळीवर भलतीच. आजींना पुन्हा टोचावं लागलं. नळी बाजूला काढून मी स्वतः बाईंकडे गेलो. त्यांनी तेही कागदावर घेतलं. "हे जड जाणार," एवढंच म्हणाल्या.

सहाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी कागद उघडायच्या आत मीच म्हणालो, "नाही ना, बाई?"

"नाही. पण तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, हे मी लिहिलंय. दुसरीकडे कोणी विचारलं तर दोन्ही सांगेन." त्यांचा आवाज चिरकला. मला वाटलं होतं माझाच चिरकेल.

बाहेर व्हरांड्यात येऊन बायकोला फोन लावला. शाळेची मधली सुट्टी होती, मागे पोरांचा कालवा.

"नाही झालं," मी म्हणालो.

"मला वाटलंच होतं. जेवलास का?"

तेव्हा मात्र मला हुंदका आवरेना. येणारे-जाणारे पेशंट बघत होते, बघू देत.

"ऐक," ती म्हणाली, "माझी नोकरी आहे ना? आहे. मग सामान बांध आणि घरी ये. इथेही लोकांच्या अंगात रक्त आहे."