बारीक आच

"आत्या, देवाशपथ सांगते, गॅस म्या मोठा केला नाय!"

"मग काय भुतानं येऊन कान पिरगळला त्याचा?" सरूबाई सुनेवर तडकली. शेगडीवर हंडीला तळापासून गळ्यापर्यंत तडा गेला होता. रस्सा ओट्यावरून खाली ठिबकत होता, बर्नर विझला होता.

"मी इथं नव्हतेच. मामंजींचं अंथरूण बदलत होते," आशाबाई रडवेली झाली. बन्सी फडकं घेऊन मधी उभा. आईची बाजू घ्यावी की बायकोची, त्याला कळेना.

दौलताबादच्या रस्त्यावरच्या त्यांच्या ढाब्यात सरूबाईनं जन्मभर हंडीचं मटण शिजवलं. गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी तिची आच बारीकच. आधी हंडीत तेल घालून नुसती ऊब द्यायची, माती अंगभर तापली की मगच आच जरा वाढवायची. पाणी लागलं तर कढतच घालायचं, अन् झाकणाची कड कणकेनं लिंपून मंद आचेवर सोडून द्यायचं. "घाई असंल तर भजी खा," म्हणायची. बाहेर तिचा नवरा बद्रीनाथ गिऱ्हाइकांना हसत थोपवायचा, "मालकीणबाईंचं राज्य हाय, आपलं काय चालत नाय."

आता तोच बद्रीनाथ चिकलठाण्याच्या या घरात आतल्या खोलीत पडला होता. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं होतं, मागंल ते खाऊ घाला म्हटलं होतं. अन्नावरची वासना उडालेल्या माणसानं आज सकाळी आपण होऊन हंडीचं मागितलं.

सरूबाईनं सगळं रीतीनं मांडलं. पण आतून हाक आली, "झालं का गं?" थोड्या वेळानं पुन्हा आली, पहिलीपेक्षा बारीक. तिसरी तर नुसता श्वासच. हे झोपले अन् उठलेच नाय तर? तिचा हात आपोआप गॅसच्या कानाकडं गेला. जाळ हंडीच्या पोटाला भिडला, करपल्याचा वास आला, तिनं कणीक फोडून झाकण उचललं अन् हाताला लागला तो माठातला तांब्या आत रिकामा केला.

कट्‌ असा आवाज झाला.

"मी नवी हंडी आणतो की आत्ता," बन्सी म्हणाला.

"नवी रातभर पाण्यात ठिवावी लागती. मग तेल लावून पेज उकळायची. लगेच मटणाला चढत नसती ती."

आशाबाई आत डोकावून आली. "झोप लागली त्यांना," ती हळूच म्हणाली.

सरूबाईनं फडकं बन्सीच्या हातातून घेतलं, ओटा पुसायला सुरुवात केली अन् मधेच थांबली. फडकं तिथंच ठेवलं. पदराला हात पुसले.

"गॅस मीच मोठा केला, आशा. गार पाणीबी मीच घातलं. मी आता त्यांच्यापाशी बसणार. सैपाकघरात यायची नाय. चूल आजपासून तुझी."